पाना घेतला का?

लावणी-पोवाडा आणि गिटार-ड्रम्स एकाच मंचावर न्यायचे असतील, तर गाडी सुटण्याआधी ढोलकीवाल्या मामांना एवढंच विचारा: पाना घेतला का? नट-बोल्टची ढोलकी ज्या पान्याने आवळतात, तो. गिटार, अँप, तारा, केबली, ड्रमच्या काठ्या ही यादी मी लिहीत बसत नाही. त्या गोष्टी कोणी विसरत नाही. आम्हीही विसरलो नव्हतो. आमच्याकडे तारांचे तीन संच होते आणि हाताशी पाना एकही नव्हता.

झालं ते असं. भाद्रपदात साताऱ्याकडच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता. दुपारी चारला साऊंडचेक झाला तेव्हा पत्र्याच्या मांडवात भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं आणि ढोलकी काळी चारला खणखणीत लागलेली होती. सहाला सर येऊन गेली. आठला सुरुवातीचा पोवाडा दणक्यात झाला, कारण डफाला तसा नेमका सूर नसतो. मग लावणी. मामांनी पहिली थाप मारली आणि ‘ना’ जवळजवळ अर्धा स्वर खाली. लावणी गाणाऱ्या ताईंच्या मॉनिटरमध्ये ढोलकी मोठी होती, त्यामुळे पालुपद त्यांनी ढोलकीच्या सुरात घेतलं आणि अंतऱ्याला गिटार ऐकू आल्यावर त्या वर सरकल्या. पुढच्या पालुपदाला परत खाली. मामा पाना शोधायला वाकले. पाना त्यांच्या पिशवीत होता, पिशवी टेम्पोत आणि टेम्पो घेऊन ड्रायव्हर जेवायला गेलेला. शेवटी मीच अंधारात गिटारच्या खुंट्या उतरवत बसलो. लोक शिट्ट्या मारत होते, त्या कौतुकाच्या नव्हत्या.

कातडं दमट हवेत ओल धरतं, सैल पडतं आणि ढोलकी उतरते. मंचावरचे दिवे पेटले की तेच कातडं सुकून चढतं. म्हणजे दुपारी लावलेल्या ढोलकीचा रात्री काही भरवसा नाही. त्यामुळे मंचावर जायच्या आधी दहा मिनिटं ती परत लावायची, दिव्यांखाली पहिलं गाणं झालं की पुन्हा ऐकायची आणि त्यासाठी पाना मामांच्या खिशात हवा. पिशवीत नको. दुसरा पाना गिटारच्या पेटीत टाकून ठेवा. शंभरदा सांगितलं तरी मामा म्हणतील, “असतोय ओ माझ्याकडं.” तरी टाका.

लावायची रीत मामांना येते, पण घाई झाली की तेही एकाच बाजूचे नट पिळतात. मग शाईच्या एका कडेला वेगळा सूर आणि दुसऱ्या कडेला वेगळा. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे आणि दर वेळी कडेवर ‘ना’ वाजवून बघायचं. सगळीकडे सारखा वाजला की झालं. गिटारला चिमट्यासारखा लावतात तो ट्यूनर इथे भलतंच काही दाखवतो, त्याच्या नादी लागू नका. बाजाच्या पेटीवर सा धरा आणि कानाने लावा. आणि एका ढोलकीला फार ताणायचं नाही. अर्ध्या स्वराच्या आसपास ठीक, त्यापुढे पुडीवर जोर येतो आणि ती ऐन रंगात फाटू शकते. एका कार्यक्रमात दोन पट्ट्या असतील तर दोन ढोलक्या न्या.

पट्टीवरून आठवलं. सराव आम्ही पांढरी तीनला, म्हणजे ई-मध्ये केला होता, कारण गिटारवाल्याला मोकळी जाडी तार हवी होती. पहिल्या तालमीला ताई आल्या, दोन ओळी गायल्या आणि म्हणाल्या, “दादा, हितं माझा आवाज घशातच राहतोय.” लावणीचा ठसका वरच्या पट्टीत असतो, त्यांची काळी चार. म्हणजे चार पडदे वर. साध्या कॉर्डना चौथ्या पडद्यावर कॅपो लावला की काम भागतं, बासवाला चौथ्या पडद्यावरून सा धरतो. पण मोकळ्या तारेवर बेतलेली रिफ तिथे मरते, ती नव्याने बसवावी लागते. मंचामागे बसवता येत नाही, आम्ही तेही करून पाहिलंय. म्हणून आधी गाणाऱ्याची पट्टी विचारा, मग रिफ रचा. शाहिराची पट्टी वेगळी असेल, तीही विचारा.

आणि सगळ्यांनी सूर कोणाचा धरायचा? पेटीचा. जुन्या पेटीचे सूर ट्यूनरच्या ४४० ला असतीलच असं नाही आणि ते तिथल्या तिथे बदलता येत नाहीत. गिटार, बास आणि कीबोर्ड दोन मिनिटांत सरकवता येतात. तेव्हा पेटीवाल्याशी वाद न घालता ट्यूनरचा आकडा बदला. तुणतुणंही पेटीवरच लावा. ढोलकीसुद्धा पेटीवरच, आणि ती लावायला काय लागतं ते आता वर जाऊन वाचा.

ड्रमवाल्याला दोन गोष्टी आधी सांगा. लावणीत तोडा ढोलकीचा. तिथे त्याने हायहॅट धरून गप्प बसायचं, सगळ्या टॉमवरून हात फिरवायचा नाही. दुसरं, पोवाड्याला क्लिक लावू नका. शाहीर चौकाच्या शेवटी लय वाढवतो, मधेच थांबून गद्यात प्रसंग सांगतो आणि लोक पेटले तर तोच प्रसंग लांबवतो. कानात टिकटिक वाजत असेल तर ड्रमवाला एकटाच पुढे निघून जातो. त्याने झीलकऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. त्यांचं ‘जी जी रं जी’ सुरू झालं की पाय, संपलं की ठोका. एवढी खूण ठरली की तालमी निम्म्या होतात.

ढोलकीला दोन माइक मागा, शाईला एक आणि धुमाला एक. एकच मिळाला तर शाईला, कारण धुमाचा घुमारा तसाही किक आणि बासखाली दबतो. ताईंच्या मॉनिटरमध्ये ढोलकी आणि पेटी दोन्ही सारख्या ठेवा, आमच्यासारखी नुसती ढोलकी नको.

बाकी पटापट. रेकॉर्डिंग टाकणार असाल तर शब्द कोणाचे ते बघा. राम जोशी, होनाजी पेशवाईतले, तिथे कोणी अडवणार नाही. अण्णाभाऊ साठे १९६९ ला गेले, कवीच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा तिथे परवानगी लागते. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद. सूट ठरावीक दिवसांचीच असते, मंडळाला त्या दिवसाचं विचारून घ्या आणि लावणी शेवटाला ठेवू नका. जनरेटर. प्लास्टिकचा कागद. मामांचं जेवण कार्यक्रमाआधी. पाना खिशात. टेम्पोवाल्याचा नंबर निदान दोघांकडे.