आंबिया संत्र्याची तोडणी: साल नव्हे, रस तपासा

आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबरमध्ये हाताशी येतो आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी भागात बागेच्या सौद्यांची बोलणी सुरू होतात. व्यापारी सालीचा रंग बघून भाव बोलतो. पण आंबियाच्या फळाच्या बाबतीत रंगावर विसंबता येत नाही. साल पिवळी-केशरी व्हायला रात्रीचा गारवा लागतो आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री अजून उबदार असतात. त्यामुळे आत रस तयार असूनही फळ हिरवट दिसू शकते. उलट, रंग धरलेले फळ आत आंबटढाण निघते तेही आपण पाहतोच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संत्रा हे आंबा-केळीसारखे आढीत पिकणारे फळ नाही. झाडावरून उतरल्यावर त्यात नवी गोडी भरत नाही. इथिलीनच्या खोलीत ठेवून सालीचा हिरवा रंग घालवता येतो, पण रस जसा तोडला तसाच राहतो. म्हणून कात्री लावण्याआधी रसाचे दोन आकडे हातात हवेत: ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः साखरेचे प्रमाण, आणि आम्लता. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ब्रिक्स-आम्ल गुणोत्तर मिळते आणि जिभेला जाणवणारी चव बऱ्याच अंशी त्यातच असते.

नमुना कसा घ्यावा

एकाच झाडाची चार फळे पिळून बागेचा निकाल लावू नका. बागेतून तिरपे चालत जा, मध्येमध्ये दहा झाडे निवडा आणि प्रत्येकाची चारही दिशांनी, छातीच्या उंचीवरची मध्यम आकाराची फळे घ्या. धुऱ्यावरची, डिंक्याने पछाडलेली, आतून सल पडलेली झाडे सोडा. बाहेरच्या, उन्हातल्या फळात ब्रिक्स जास्त भरतो आणि आतल्या सावलीतल्या फळात कमी. फक्त हाताला येणारी बाहेरची फळे तोडली, तर आकडा बागेपेक्षा गोड दिसेल.

एकाच फळातही फरक असतो. देठाकडच्या अर्ध्या भागापेक्षा खालच्या टोकाकडच्या भागातला रस गोड असतो. म्हणून फोड दाबून एक थेंब ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकणे ही घाईची पद्धत आहे. फळे पूर्ण पिळा, सगळा रस एका भांड्यात मिसळा, मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि मग मोजा.

ब्रिक्स घेताना

रिफ्रॅक्टोमीटर आधी २० अंश सेल्सिअसच्या डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. ही उपकरणे २० अंश सेल्सिअस तापमान धरून आखलेली असतात. उपकरणात तापमानाची आपोआप दुरुस्ती नसेल आणि रस ३० अंशांवर असेल, तर वाचन खरे असते त्यापेक्षा सुमारे पाऊण अंश कमी येते. म्हणजे ९.४ दिसले तर १०.१५ धरायचे. उपकरणावर ‘एटीसी’ लिहिलेले असेल तर ही बेरीज करू नका, नाहीतर दुरुस्ती दोनदा होईल.

आम्लता काढताना

याला ब्युरेट, १० मिलिची पिपेट, शंकूपात्र, फिनॉल्फ्थॅलीन आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण लागते. शेतकरी उत्पादक कंपनीने एकत्र सामान घेतले तर पूर्ण गावाचे काम भागते. १० मिलि गाळलेला रस घ्या, त्यात ४०-५० मिलि डिस्टिल्ड पाणी घाला आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाका. ब्युरेटमधून सोडा थेंबथेंब सोडत पात्र फिरवत राहा. इथे घातलेल्या पाण्याने निकाल बदलत नाही, कारण आम्ल तेवढेच राहते. पाणी रंग फिका करण्यासाठी आहे.

संत्र्याचा रस मुळातच पिवळा-केशरी असल्यामुळे गुलाबी छटा ओळखणे अवघड जाते. पात्राखाली पांढरी फरशी ठेवा आणि शेजारी तेवढाच पातळ केलेला, सोडा न घातलेला रस ठेवून तुलना करा. छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. जवळ सामू मोजायचे मीटर असेल तर डोळ्यांपेक्षा ते बरे: सामू ८.२ वर आला की ब्युरेट बंद. पहिले वाचन अंदाजाचे समजून सोडा आणि एकमेकांशी जुळणारी पुढची दोन वाचने धरा.

हिशेब असा:

आम्लता (टक्के) = सोड्याची नॉर्मलता × खर्च झालेला सोडा (मिलि) × ६४ × १०० ÷ (रस मिलि × १०००)

६४ हा सायट्रिक आम्लाचा तुल्यांकी भार. त्याचा रेणुभार १९२ आणि तो तीन हायड्रोजन देतो, म्हणून १९२ भागिले ३. संत्रा, मोसंबी, लिंबाला हाच आकडा. द्राक्षात मुख्य आम्ल टार्टारिक, तिथे ७५ धरतात. रस १० मिलि आणि सोडा अचूक ०.१ नॉर्मल असेल तर खर्चाच्या मिलिला ०.०६४ ने गुणले की झाले.

मात्र ‘अचूक’ या शब्दापाशीच बहुतेक हिशेब बिघडतात. लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला म्हणून द्रावण ०.१ नॉर्मल होत नाही. सोड्याचे दाणे हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे वजनातला काही भाग सोडा नसतोच. तयार द्रावणही ठेवल्या ठेवल्या उतरत जाते. त्यामुळे दर वेळी ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून पाहा. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल ६.३ ग्रॅम घेऊन पाण्याने एक लिटर केले की ०.१ नॉर्मल द्रावण मिळते. त्याचे १० मिलि उदासीन करायला सोडा किती लागला ते बघा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे आणि कॉस्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो. हातमोजे आणि चष्मा वापरा, पिपेट तोंडाने ओढू नका, सोड्याची बाटली प्लॅस्टिकची आणि घट्ट झाकणाची ठेवा.

एक हिशेब सुरुवातीपासून

समजा, १० मिलि ऑक्झॅलिक द्रावणाला १०.५ मिलि सोडा लागला. म्हणजे सोड्याची खरी नॉर्मलता ०.१ × १० ÷ १०.५ = ०.०९५२. आता १० मिलि रसाला ११.९ मिलि सोडा लागला.

आम्लता = ०.०९५२ × ११.९ × ६४ × १०० ÷ (१० × १०००) = ०.७३ टक्के.

रिफ्रॅक्टोमीटर ३० अंशांवर ९.४ दाखवतो, दुरुस्तीनंतर १०.१५. गुणोत्तर १०.१५ ÷ ०.७३, म्हणजे १३.९.

हाच हिशेब दोन्ही दुरुस्त्या न करता मांडला तर आम्लता ०.७६ आणि ब्रिक्स ९.४, गुणोत्तर १२.४ येते. एका चुकीने आम्ल फुगले, दुसरीने गोडी उतरली आणि दोन्हींनी आकडा एकाच बाजूला ढकलला. बाग तयार असून आणखी थांबावे असे वाटेल, आणि तोवर फळगळ सुरू.

असाच घोळ प्रक्रिया कारखान्याच्या अहवालात होतो. काही प्रयोगशाळा निर्जल सायट्रिक आम्ल धरून ६४ ने गुणतात, काही पाण्याच्या एका रेणूसह धरून ७० ने. वरचाच रस दुसऱ्या पद्धतीने मोजला तर आम्लता ०.७९ आणि गुणोत्तर १२.८ दिसते. रस तोच, ब्युरेटचे वाचन तेच. तुमचा आणि कारखान्याचा आकडा जुळत नसेल तर वाद घालण्याआधी कोणता भार धरला ते विचारा.

सामूच्या पट्टीवर तोडणी ठरवू नका

बरेच जण सामूची पट्टी रसात बुडवून आंबटपणा ठरवतात, कारण ती स्वस्त आहे. पण सामू आणि आम्लता या वेगळ्या गोष्टी आहेत. सामू फक्त मोकळा झालेला हायड्रोजन दाखवतो. वरच्या रसाचा सामू ३.५ असेल, तर त्यातल्या एकूण आम्लापैकी हजारात जेमतेम तीन भाग हायड्रोजन मोकळा असतो आणि बाकीचा बांधलेला. सोडा हळूहळू घातला की तो सगळा बाहेर येतो, जीभही त्याचा आंबटपणा घेते, पट्टीला मात्र तो दिसत नाही.

शिवाय रसातले पोटॅश सायट्रिक आम्लाशी मिळून सामू एका जागी धरून ठेवते. दोन बागांचा सामू ३.५ आणि आम्लता ०.६ व ०.८ असे सहज घडते. रसात तेवढेच पाणी घालून पाहा: आम्लता अर्धी होईल, सामू किंचितच हलेल. पोटॅशचा मारा जास्त झालेल्या बागेत तर आम्लता उशिरा उतरते, तिथे सामू अधिकच फसवतो. टिकाऊ रस बनवणाऱ्याला सामू लागतोच, तोडणी ठरवणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा.

गुणोत्तर एकटे बघू नका

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या मानकात मँडरिन गटातल्या इतर जातींसाठी किमान गुणोत्तर ७.५ आहे. ही विक्रीयोग्यतेची तळाची पायरी आहे, आपल्या संत्र्याच्या चवीची नव्हे. माझे मत विचाराल तर नागपुरी संत्रा १२ च्या खाली तोडू नये. १४ च्या आसपास तो खाणाऱ्याला आवडेल असा होतो.

पण परतीचा पाऊस किंवा भरपूर ओलित झाले की फळात पाणी चढते आणि साखर व आम्ल दोन्ही पातळ होतात. गेल्या आठवड्यात १०.१५ आणि ०.७३ असलेली बाग पावसानंतर ९.३ आणि ०.६७ दाखवू शकते. गुणोत्तर दोन्ही वेळा १३.९. गुणोत्तरावर नजर ठेवणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटेल, खाणाऱ्याला मात्र फळ पाणचट लागेल. अशा वेळी पाणी बंद ठेवून चार-सहा दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. ब्रिक्स वर येत असेल तर थांबणे फायद्याचे. ब्रिक्स तिथेच अडकून आम्लता मात्र घसरत असेल, तर गुणोत्तर वाढलेले दिसूनही फळ सपक होत चालले आहे. मग तोडणी लांबवू नका.

सप्टेंबरअखेरपासून दर आठवड्याला एकाच वेळी, त्याच झाडांवरून नमुना घ्या. वहीत तारीख, ब्रिक्स, रसाचे तापमान, सोड्याची नॉर्मलता, खर्च झालेले मिलि आणि शेवटचा पाऊस किंवा ओलित एवढे लिहा. नुसते गुणोत्तर लिहून ठेवले तर पुढे शंका आली की कुठे चुकले ते शोधता येत नाही.