आकृतीतला कोन कुठून मोजलाय? द्विमितीय टकरीच्या गणितातल्या या चुका टाळा

पंचवटीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी कॅरमचा खटखटाट चालू असतो. अकरावीच्या मुलांना द्विमितीय टक्कर शिकवायला मला तोच बोर्ड सोयीचा वाटतो, म्हणून त्यावरूनच एक गणित तयार केलं. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने सरळ जातो आणि ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीला बाजूने लागतो. टकरीनंतर स्ट्रायकर मूळ दिशेपासून १५° वर वळतो आणि सोंगटी खालच्या बाजूला तिरकी निघते. दोघांची टकरीनंतरची चाल काढायची.

सोंगटीचा कोन मी शब्दांत दिला नाही, फक्त आकृतीत दाखवला. मूळ दिशेला लंब असलेली एक तुटक रेषा टकरीच्या बिंदूपासून खाली काढली आणि त्या रेषेपासून सोंगटीच्या मार्गापर्यंत छोटी कमान काढून तिच्याशेजारी ५०° लिहिलं.

एका मुलाने थेट ५०° समीकरणात घातले. मी चूक म्हटल्यावर तो म्हणाला, "पण मॅडम, संवेग तर दोन्ही दिशांना जुळतोय!" त्याचं म्हणणं खरं होतं. या प्रकारच्या गणितात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथेच, म्हणून आधी बरोबर उत्तर काढून दाखवते.

मूळ दिशा म्हणजे x अक्ष. सोंगटीचा कोन लंब रेषेपासून ५०° आहे, म्हणजे x अक्षापासून ४०°. वस्तुमानं दोन्ही बाजूंना ग्रॅममध्येच ठेवली तरी चालतात.

```
x: 15 × 2 = 15 v1 cos 15° + 5 v2 cos 40°
y: 0 = 15 v1 sin 15° − 5 v2 sin 40°
```

दुसऱ्या समीकरणावरून v2 हा v1 च्या १.२०८ पट येतो. तो पहिल्यात घातला की v1 = १.५७ आणि v2 = १.९० मीटर प्रति सेकंद मिळतात.

आता त्या मुलाचं उत्तर पाहू. ४०° च्या जागी ५०° घातले तर v1 = १.६९ आणि v2 = १.७१ येतात. आणखी एक मुलगी कमान नीट न बघता दोन मार्गांमधला एकूण ५५° चा कोनच सोंगटीचा समजली होती. तिचं उत्तर १.७४ आणि १.६५ आलं. तिन्ही उत्तरांत आकडे वाजवी दिसतात आणि तिन्ही उत्तरांत संवेगाची अक्षय्यता पाळली जाते. पाळली जाणारच, कारण ती समीकरणं सोडवूनच आपण उत्तर काढलंय. ज्या समीकरणातून उत्तर आलं त्याच समीकरणात ते परत घालून कोन बरोबर घेतला की नाही हे कळत नाही.

बरीच मुलं मग गतिज ऊर्जेची पडताळणी करतात. कल्पना चांगली आहे, पण तिची मर्यादा लक्षात ठेवा. सुरुवातीची ऊर्जा ½ × १५ × २², म्हणजे ३० मिलिज्यूल (ग्रॅममध्ये मोजल्यामुळे मिलिज्यूल). ४०° घेतल्यावर नंतरची ऊर्जा २७.५ येते, ५०° घेतल्यावर २८.८ आणि ५५° घेतल्यावर २९.६. तिन्ही वेळा ती ३० पेक्षा कमीच आहे. टकरीत थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जातेच, त्यामुळे यातलं एकही उत्तर अशक्य ठरत नाही.

तरी ही पडताळणी टाकाऊ नाही. याच गणितात कुणी सोंगटीचा कोन ७५° घेतला तर नंतरची ऊर्जा ३४ येते आणि १५° घेतला तर ३२ येते. ऊर्जा आपोआप वाढू शकत नाही, म्हणून तिथे चूक लगेच सापडते. स्ट्रायकर १५° वळलेला असताना सोंगटीचा कोन साधारण १८° ते ५७° च्या बाहेर असूच शकत नाही. त्या पट्ट्याच्या आतली चूक मात्र ऊर्जा पकडत नाही. ती फक्त आकृती वाचूनच पकडता येते.

वाचायची कशी? मी मुलांना कमानीची दोन टोकं बोटाने दाखवायला सांगते. एक टोक वस्तूच्या मार्गावर असेल. दुसरं कुठल्या रेषेवर टेकतं ते मोठ्याने म्हणायचं: मूळ दिशेवर, लंब रेषेवर की दुसऱ्या वस्तूच्या मार्गावर. त्यानंतर समीकरण लिहिण्यापूर्वी प्रत्येक कोन मूळ दिशेपासूनचा करून आकृतीतच शेजारी पेन्सिलीने लिहायचा. cos म्हणजे x आणि sin म्हणजे y हे पाठांतर कोन x अक्षापासून मोजला असेल तेव्हाच खरं असतं. लंबापासूनचा कोन तसाच ठेवलात तर दोघांची अदलाबदल होते.

दुसरी चूक चिन्हाची. y दिशेला सुरुवातीचा संवेग शून्य होता, म्हणून नंतरचे वरचा आणि खालचा घटक एकमेकांना संपवले पाहिजेत. काही जण आकृतीत दोन बाण बघून दोन्ही घटक अधिक चिन्हाने लिहितात. मग v2 ऋण येतो आणि मुलं ते ऋण चिन्ह गुपचूप खोडून टाकतात. चाल ऋण आली की खोडायचं काही नाही, y चं समीकरण परत लिहायचं.

तिसरी चूक क्लासमध्ये ऐकलेल्या नियमाची: "टकरीनंतर दोघांच्या मार्गांत ९०° चा कोन असतो." दोन्ही वस्तूंची वस्तुमानं सारखी असतील, टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, आधी एक स्थिर असेल आणि टक्कर समोरासमोर नसेल तरच हे खरं आहे. स्ट्रायकर सोंगटीच्या तिप्पट जड आहे, म्हणून आपल्या गणितात हा कोन ५५° आला तरी त्यात गैर काही नाही. उलट तिप्पट जड वस्तू हलक्या स्थिर वस्तूवर आदळून १९.५° पेक्षा जास्त वळूच शकत नाही, कारण त्या कमाल कोनाचं sin हे वस्तुमानांचं गुणोत्तर, म्हणजे १/३ असतं. कुणाच्या वहीत स्ट्रायकर ४०° आणि सोंगटी १५° दिसली, तर त्याने आकृतीतली नावंच उलटी वाचली आहेत.

खऱ्या बोर्डवर आणखी एक पडताळणी करता येते, आणि मला ती सगळ्यात आवडते. टकरीत घर्षणाचा परिणाम सोडला तर सोंगटी दोघांची केंद्रं जोडणाऱ्या रेषेवरूनच निघते. स्ट्रायकर आणि सोंगटीच्या त्रिज्यांची बेरीज साधारण ३.६ सेंटिमीटर असते. स्ट्रायकरच्या केंद्राची मूळ रेषा सोंगटीच्या केंद्राच्या बाजूने किती अंतरावरून गेली, ते या बेरजेला कोनाच्या sin ने गुणून मिळतं. ४०° साठी ते २.३ सेंटिमीटर येतं आणि ५०° साठी २.८. हा अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पट्टीने मोजता येतो. त्या मुलाने बोर्डवर खडूची रेघ मारून मोजलं, आणि मग वहीतला ५०° स्वतःच खोडून ४०° लिहिला.