उतरवलेल्या तक्त्यात फॉर्म्युले परत घालताना या चुका टाळा

चित्रातून तक्ता उतरवला की हाती येतात ते फक्त छापलेले आकडे. मूळ फाइलमध्ये कुठला रकाना हाताने भरलेला होता आणि कुठला फॉर्म्युल्यातून आला होता, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्याला ताडावं लागतं, आणि ताडलेलं बरोबर आहे की नाही याचा पुरावा म्हणजे तेच छापील आकडे. म्हणून पहिली चूक सगळ्यात महागाची: छापील आकड्यावरच फॉर्म्युला टाइप करणं. आकडा गेला, पुरावाही गेला.

पुढचं सगळं या एका छोट्या तक्त्यावर बोलू. शीटमध्ये तो A1 पासून सुरू होतो, एकूणची ओळ सातवी.

| प्रकार | नग | दर | रक्कम | हिस्सा % |
|---|---|---|---|---|
| क | ३७ | १२.३ | ४५६ | १२.९ |
| ख | ८४ | ९.७ | ८१२ | २३.० |
| ग | १६ | ३८.६ | ६१७ | १७.५ |
| घ | १२० | ५.४ | ६४३ | १८.२ |
| च | ५८ | १७.२ | ९९८ | २८.३ |
| एकूण | ३१५ | ११.२ | ३५२६ | १००.० |

नग × दर = रक्कम, असं धरून चालणं

हा तक्ता दिला तर दहातले नऊ जण डोळे झाकून `=B2*C2` लिहितील. रकान्यांचा क्रमच तसा आहे. करून बघा: क ला ४५५.१ येतात, छापलेत ४५६. ख ला ८१४.८ येतात, छापलेत ८१२. ग ६१७.६, घ ६४८, च ९९७.६. पूर्णांकात आणल्यावर फक्त च ची ओळ जुळते, बाकी चार नाहीत, आणि घ मध्ये तर तब्बल ५ चा फरक पडतो.

इथे बरेच जण म्हणतात, ‘राउंडिंगचा फरक असेल’, आणि पुढे जातात. फरक राउंडिंगचा आहे हे खरंच, पण कशाच्या राउंडिंगचा? रक्कम पूर्णांकात छापलेली आहे, तिच्यात फार तर ०.५ इकडेतिकडे होईल. ५ चा फरक तिथून येऊ शकत नाही. तो आला दरातून. दर एका दशांशापर्यंत छापलाय, म्हणजे खरा दर ०.०५ ने कमीजास्त असू शकतो, आणि १२० नगांनी गुणल्यावर त्या ०.०५ चे ६ होतात. म्हणून जिथे नग जास्त तिथे फरकाला वाव जास्त. घ मध्ये ५, ख मध्ये २.८, तर १६ नगांच्या ग मध्ये जेमतेम ०.६.

आता उलट करू:

```
G2: =D2/B2
```

क: १२.३२४, ख: ९.६६७, ग: ३८.५६३, घ: ५.३५८, च: १७.२०७. एका दशांशावर आणले की पाचही छापील दराशी तंतोतंत जुळतात. म्हणजे या तक्त्यात नग आणि रक्कम हा मूळ माल, आणि दर हा भागाकारातून निघालेला.

यातून एक सवय लावून घ्यावी. तीन रकाने एकमेकांशी बांधलेले दिसले की सगळ्यात कमी अंक जपून छापलेला रकाना बहुधा काढलेला असतो. आधी त्याच्यावर फॉर्म्युला लावून बघायचा. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण दर ठरलेला आणि रक्कम त्यातून काढलेली, असेही तक्ते भरपूर असतात. तिथे गुणाकार प्रत्येक ओळीत शेवटच्या अंकापर्यंत जुळतो, त्यामुळे वादच उरत नाही.

एकूणच्या ओळीत तोच फॉर्म्युला, किंवा भलताच

दराच्या रकान्याखाली ११.२ छापलंय. खाली आकडा दिसला की हात `AVERAGE` कडे जातो. पाच दरांची सरासरी येते १६.६४, छापील आकड्याच्या जवळपासही नाही. ३५२६ भागिले ३१५ केलं की ११.१९४ येतं, म्हणजे ११.२. एकूण ओळीतला दर हा एकूण रकमेला एकूण नगांनी भागून आलेला आहे. G2 चा फॉर्म्युला सातव्या ओळीपर्यंत ओढला की काम झालं. प्रत्येक तक्त्यात असंच असेल असं मात्र नाही. साधी सरासरी छापणारेही असतात, म्हणून दोन्ही करून बघायचं आणि छापील आकडा ज्याच्या बाजूने तेच ठेवायचं.

टक्क्यांची बेरीज १०० करायला जाणं

हिस्स्याचे पाच छापील आकडे मिळवा: ९९.९ येतात. खाली मात्र १००.० छापलंय. मी एकाला हे ‘दुरुस्त’ करताना पाहिलंय. त्याने २८.३ चे २८.४ केले, सगळ्यात मोठा आकडा आहे म्हणून. खरा हिस्सा २८.३०४ होता. चुकीचं काहीच नव्हतं, ते त्याने चुकीचं करून ठेवलं.

या ०.१ च्या फरकातून उलट एक उपयोगी गोष्ट कळते. मूळ फाइलमध्ये प्रत्येक हिस्सा `ROUND` करून साठवलेला असता आणि खाली बेरीज असती, तर ९९.९ च छापलं गेलं असतं. १००.० आलंय, म्हणजे बहुधा आतले आकडे पूर्ण दशांशांसह होते आणि एक दशांश फक्त दिसण्यापुरता होता. तेव्हा फॉर्म्युल्यात `ROUND` घालायचं नाही, सेलचं फॉरमॅट एका दशांशाचं ठेवायचं. खाली ९९.९ छापलेलं असतं तर मी `ROUND` घातलं असतं.

```
H2: =D2/D$7*100
```

डॉलरचं चिन्ह विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना D7 चा D8 होतो, तो रिकामा असतो आणि `#DIV/0!` येतं. हे लगेच दिसतं, त्यामुळे त्याची भीती नाही. शंभराने गुणायचं की नाही, तिथे जास्त जण फसतात. छापील हिस्सा `12.9%` असा टाइप केला तर शीट आत ०.१२९ साठवते, नुसतं `12.9` टाइप केलं तर १२.९. दोन्ही पद्धती चालतात, पण एका रकान्यात एकच.

ताळा घ्यायच्या आधीच SUM टाकणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर. चित्र पुसट होतं आणि आकडे देवनागरीत होते. देवनागरी छपाईत १ आणि ९ यांची फारकत एका शेपटीवर अवलंबून असते. ख ची रक्कम ८१२ होती, मी ८९२ उतरवली. मग शहाणपणा करून D7 मध्ये छापील ३५२६ च्या जागी `=SUM(D2:D6)` टाकलं. बेरीज ३६०६ झाली आणि हिस्से आले १२.६, २४.७, १७.१, १७.८, २७.७. छापील आकड्यांशी पाचपैकी एकही जुळेना. सगळंच चुकतंय म्हटल्यावर मी अर्धा तास फॉर्म्युलाच तपासत बसलो.

नीट पाहिलं असतं तर उत्तर समोरच होतं: चार हिस्से छापील आकड्यापेक्षा थोडे खाली गेले होते आणि एकटा ख चांगला १.७ ने वर. एक रक्कम फुगली की तिचा हिस्सा वाढतो आणि बाकी सगळ्यांचे थोडेथोडे घटतात.

आता मी ताळा जुळेपर्यंत D7 मध्ये छापील आकडाच ठेवतो आणि फरक बाजूला काढतो:

```
D9: =SUM(D2:D6)-D7
I2: =G2-C2
J2: =H2-E2
```

I आणि J दुसऱ्यापासून सातव्या ओळीपर्यंत. एक दशांश छापलाय म्हणून प्रत्येक फरक ०.०५ च्या आत हवा. असं केलं असतं तर चार ओळी शांत राहिल्या असत्या आणि फक्त ख बोलला असता: हिस्सा २३.० च्या जागी २५.३, दर ९.७ च्या जागी १०.६. दोन्हीकडून एकच ओळ अडकली की दोष त्या ओळीच्या रकमेचा. फक्त दर अडकला आणि हिस्सा बरोबर असेल तर नग किंवा छापील दर उतरवताना चूक झालीय. सगळे हिस्से एकाच बाजूला सरकले असतील तर एकूणचाच आकडा चुकीचा वाचलाय.

D9 मधला आकडाही बोलका असतो. इथे तो ८०. फक्त दशकाचा अंक ८ ने वाढलाय, म्हणजे ० चा ८ झालाय किंवा १ चा ९. उतरवलेल्या रकमांत दशकस्थानी ८ किंवा ९ असलेल्या दोनच: ८९२ आणि ९९८. चच्या ओळीचा दर जुळतो, मग राहिला ख. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यावा. ६४३ चे ४६३ झाले की १८० चा फरक पडतो. हा हिशेबनीसांचा जुना ताळा आहे, कागदी वह्यांच्या काळातला, आणि अजूनही चालतो.

सगळं जुळल्यावर D7 मध्ये `SUM` टाकायला हरकत नाही. एक अपवाद आहे. रकमा हजारांत किंवा लाखांत छापलेल्या असतील तर मूळ बेरीज पूर्ण आकड्यांची असते, आणि पाच ओळींवर D9 मध्ये २ पर्यंतचा फरक निव्वळ राउंडिंगने येऊ शकतो. तिथे मी छापील एकूण तसंच ठेवतो आणि हिस्से त्याच्यावर काढतो.

बेरीज कमी येते आणि चूक सापडत नाही

आकडा दिसतो आकड्यासारखा पण शीटच्या लेखी तो मजकूर असतो. मागे चिकटलेली अदृश्य जागा, उणे चिन्हाऐवजी आलेली लांब रेघ, शून्याच्या जागी इंग्रजी O. `SUM` असा सेल न कुरकुरता वगळतं. `=COUNT(D2:D6)` लिहा. पाच यायला हवेत, चार आले तर D9 मधला फरक साधारण त्या वगळलेल्या रकमेएवढाच निघेल. नेहमीची अदृश्य जागा असेल तर `=VALUE(TRIM(D2))` ने जाते. वेब पानावरून किंवा पीडीएफमधून आलेली न तुटणारी जागा त्याने जात नाही, तिला हे लागतं:

```
=VALUE(SUBSTITUTE(D2,UNICHAR(160),""))
```

जे बांधता येत नाही तेही बांधणं

समजा याच तक्त्याला ‘मागील वर्षापेक्षा वाढ %’ असा सहावा रकाना असता. मागील वर्षाची रक्कम चित्रात नाही. वाढीवरून मागची रक्कम उलटी काढायची आणि मग तिच्यावरून वाढीचा फॉर्म्युला लिहायचा, हे मी कामाच्या शीटमध्ये पाहिलंय. फॉर्म्युला दिसतो, फरक शून्य येतो, आणि ताळा म्हणून त्याची किंमतही शून्य, कारण आपणच घातलेला आकडा आपल्यालाच परत मिळतो. असा रकाना छापील आकड्यांसहच ठेवायचा, त्याला वेगळा रंग द्यायचा आणि शीर्षकाच्या सेलमध्ये ‘चित्रातून उतरवलेला, फॉर्म्युला नाही’ अशी टीप टाकायची. छापील C आणि E हे रकानेही मी पुसत नाही, लपवून ठेवतो.