दोन चहांच्या प्रतिमेचा आलेख काढण्यापूर्वी

चहाच्या दोन ब्रँडची प्रतिमा सिमँटिक डिफरन्शियल श्रेणीवर, म्हणजे विरुद्ध विशेषणांच्या जोडीमधल्या चौकटींपैकी एकीवर खूण करायला सांगून, मोजायची असेल, तर सर्वांत आधी उलट्या छापलेल्या ओळींची यादी करून ठेवावी. मागच्या खेपेस तीच राहून गेली होती.

विशेषणांच्या आठ-दहा जोड्या पुरेत. ऑस्गुड, सूसी आणि टॅननबॉम यांनी १९५७ मध्ये मूल्यमापन, सामर्थ्य आणि क्रियाशीलता अशा तीन मिती मांडल्या. त्यामुळे सगळ्या जोड्या 'चांगला–वाईट' याच वळणाच्या नकोत. जोडीची दोन्ही टोके लोकांना निवडता येण्याजोगी असावीत. 'कडक–फिका' लिहिले की 'फिका' ही नालस्तीच होते आणि खूण आपोआप 'कडक'कडे सरकते. 'कडक–सौम्य' लिहिल्यास उत्तर खरे मिळते. डावीकडून १ ते ७ अशा मधल्या सात चौकटींबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मात्र 'माहीत नाही' ही चौकट वेगळी द्यावी, नाहीतर ज्याने तो चहा कधी घेतलाच नाही तोही ४ वर खूण करतो आणि त्याचे अज्ञान सरासरीत तटस्थ मत म्हणून मोजले जाते.

अनुकूल टोके एकाच बाजूला असली, तर माणूस न वाचता सरळ खाली खुणा करत जातो, म्हणून निम्म्या जोड्या उलट्या छापायच्या असतात. त्या कोणत्या, हे छापतानाच लिहून ठेवावे आणि सरासरी काढण्यापूर्वी त्या ओळींतले प्रत्येक उत्तर ८ मधून वजा करावे. समजा, 'विश्वासार्ह–बेभरवशाचा' ही ओळ उलटी आहे, म्हणजे तिचे अनुकूल टोक १ कडे आहे, आणि तिच्यावर अ ब्रँडची सरासरी २.३, तर ब ची ३.६ आली. सुलटवल्यावर अ ५.७ आणि ब ४.४ होतो, म्हणजे अ पुढे आहे. न सुलटवता आलेख काढला, तर अ मागे पडलेला दिसतो आणि त्या निष्कर्षावर कोणीतरी जाहिरातीचा खर्च ठरवतो. चूक ओळखण्याची खूण अशी की, दोन्ही ब्रँडच्या सरासऱ्या जोडणाऱ्या रेषा नेमक्या उलट्या ओळींवरच एकमेकींना छेदतात किंवा दोघी मिळून दुसऱ्या बाजूला झेपावतात. असे दिसले, तर ग्राहकांच्या मनाचे विश्लेषण करत बसू नये, यादी उघडावी. आणि सुलटवणे एकदाच करावे. दोघांनी एकामागून एक त्याच आकड्यांवर केले, तर पुन्हा सगळे उलटेच होते.

'स्वस्त–महाग' आणि 'कडक–सौम्य' यांत अनुकूल बाजू कोणती हे आपण ठरवू नये. 'तुमच्या आवडीचा आदर्श चहा' हाही त्याच श्रेणीवर विचारून घ्यावा.

बाकीचे थोडक्यात. निम्म्या प्रतींत अ आधी, निम्म्यांत ब आधी. दोन्ही ब्रँडसाठी ओळींचा क्रम एकच. उलट्या ओळी सुलटवल्या का, हे पुन्हा पाहावे. एक रेषा तुटक काढावी, कारण छापील प्रत बहुधा काळीपांढरीच निघते.