साइट बंद का पडली हे क्लायंटला सांगताय? या चुका टाळा

साइट परत चालू झाली की आपण सुटलो असं वाटतं आणि मग घाईघाईत क्लायंटला काहीतरी मेसेज जातो. बहुतेक वेळा असा:

"मॅडम, एसएसएल एक्स्पायर झालं होतं, पोर्ट ८० ब्लॉक असल्याने सर्टबॉट रिन्यूअल फेल, आता एनजिनेक्स रीलोड केलंय, इश्यू रिझॉल्व्ह्ड."

यात खोटं काहीच नाही, पण मसाले ऑनलाइन विकणाऱ्या मॅडमना यातून काय कळणार? त्यांनी सकाळी साइट उघडली तर समोर लाल खूण आणि `Your connection is not private`, म्हणजे त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न एकच, आपली साइट हॅक झाली का. दुसरा, गिऱ्हाइकांचे पैसे कुठे अडकले का. वरच्या मेसेजमध्ये दोन्हीची उत्तरं नाहीत, मग फोन येणारच.

दुसरं टोक म्हणजे "सर्व्हर डाउन होता, काही टेक्निकल प्रॉब्लेम होता." अहो सर्व्हर तर नीट चालू होता! क्लायंट उद्या होस्टिंगवाल्याशी भांडायला जाईल आणि तो लॉग दाखवून मोकळा होईल, मग तुमच्या शब्दाला किंमत काय राहिली.

पण मेसेज लिहायच्या आधीची चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे नीट न तपासता "झालं" म्हणणं. Let's Encrypt चं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट साधारण ३० दिवस उरले की स्वतःच रिन्यू करायला लागतो, पण फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद असेल तर नेहमीची एचटीटीपी तपासणी होत नाही आणि तो महिनाभर गुपचूप फेल होत राहतो. पूर्वी तारीख जवळ आली की त्यांचा ईमेल यायचा, तो २०२५ च्या जूनपासून बंद झालाय. तुम्ही पोर्ट उघडलं, रिन्यू केलं, नवीन फाइल आली, तरी एनजिनेक्स रीलोड केल्याशिवाय जुनंच सर्टिफिकेट दाखवत बसतो. म्हणून फाइल बघू नका, साइट बाहेरच्या जगाला काय दाखवतेय ते बघा:

```
echo | openssl s_client -connect example.com:443 -servername example.com 2>/dev/null | openssl x509 -noout -dates
```

`notAfter` पुढची तारीख नवी दिसली तरच मेसेज पाठवा. ती वेळ जीएमटीमध्ये असते हं, जुन्या सर्टिफिकेटची 02:10 असेल तर आपल्याकडे सकाळचे ७:४०. इथे लोक हमखास फसतात आणि क्लायंटला "रात्री दोनपासून बंद होती" असं सांगून बसतात.

पैशांचंही आधीच बघून घ्या. ज्याने ७:३८ ला चेकआउट उघडलं आणि ७:४२ ला पेमेंट केलं त्याचे पैसे गेटवेकडे कटले, पण गेटवेचा निरोप आपल्या साइटपर्यंत पोचला नाही कारण त्यांचा सर्व्हरही एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट नाकारतो. ऑर्डर मग पेंडिंग दिसते. गेटवे निरोप पुन्हा पाठवतात हे खरं, पण त्या भरवशावर न राहता डॅशबोर्डवरची यादी आणि आपल्या ऑर्डरी जुळवून बघा.

एवढं झालं की मेसेज असा जाऊ दे:

"नमस्कार मॅडम, साइट आज सकाळी ७:४० ते १०:२५ लोकांना उघडत नव्हती, आता चालू आहे, मी मोबाईलवरून आणि दुसऱ्या नेटवरूनही बघितलं. हॅकिंग वगैरे काही नाही, माहिती कुठेही गेलेली नाही. साइट सुरक्षित आहे हे ब्राउझरला दाखवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, तुमच्या फूड लायसन्सची संपते तशी. ते आपोआप रिन्यू व्हायला हवं होतं, पण सर्व्हरच्या एका सेटिंगमुळे अडलं. ते काम आमच्याकडेच आहे. सेटिंग बदलून नवीन प्रमाणपत्र लावलंय. दोन ऑर्डरींचे पैसे आलेत पण साइटवर पेंडिंग दिसतात, नंबर खाली देतोय, त्या पाठवायला हरकत नाही. यापुढे मुदत संपायच्या २० दिवस आधी मला अलर्ट येईल."

हॅकिंग नाही हे सुरुवातीलाच आलंय बघा, आणि पोर्टचा नंबर कुठेच नाही. "माहिती गेलेली नाही" हे मात्र कारण नक्की मुदतीचंच आहे याची खात्री असेल तेव्हाच लिहायचं, शंका असेल तर "अजून तपासतोय" एवढंच.

साइट बंद असताना "Advanced वर क्लिक करून पुढे जा" असं क्लायंटला कधीही सांगू नका. त्या तेच वाक्य गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आणि अलर्ट येईल असं लिहिलंय तर तो आधी खरंच लावा, सोबत `certbot renew --dry-run` चालवून पुढचं रिन्यूअल अडणार नाही ना तेही बघा, मगच सेंड दाबा.