मैत्रिणीच्या प्रदर्शनातल्या एका चित्राबद्दल तिला कसं लिहावं

प्रदर्शन मांडणाऱ्या चित्रकाराच्या कानावर दिवसभर "खूप छान" आणि "रंग मस्त आहेत" एवढंच पडत असतं. दारातली अभिप्राय वही उघडलीत तर तीत पानोपानी हेच दिसेल. तिला हवं असतं ते वेगळंच: तीस चित्रांपैकी कशापुढे कोण थांबलं आणि का. ते सांगायला चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, पण थोडी तयारी लागते.

आधी एक चक्कर न थांबता मारा, काही लिहू नका. दुसऱ्या चक्करीला पाय जिथे आपोआप मंदावतील, ते तुमचं चित्र. सगळ्यात मोठं किंवा लाल टिकली लागलेलं, म्हणजे विकलं गेलेलं, चित्र निवडायची गरज नाही. शेजारच्या चिठ्ठीवरचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा टिपून घ्या. "ते निळं होतं ना, डावीकडचं" यावरून तिला काही कळणार नाही, कारण निळी चित्रं तिने पाच केलेली असतात.

मग त्या चित्रापुढे निदान तीन-चार मिनिटं उभे राहा. नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि फिरून फिरून कुठे परत येते, एवढंच बघा. लिहायचं सगळं त्या जागेतून निघतं.

पुण्यात बालगंधर्व कलादालनात माझ्या मैत्रिणीची जलरंगातली चित्रं होती. चौदा नंबरचं चित्र, नाव 'माजघर'. जवळजवळ सगळा कागद काळोखात, मागचं दार अर्धं उघडं, आणि त्यातून आलेला उजेडाचा एक पट्टा उंबऱ्यावरून सारवलेल्या जमिनीवर उतरलेला. त्या रात्री मी पहिल्यांदा असं लिहिलं: "माजघर बघून जुने दिवस आठवले, खूप शांत वाटलं." वाचलं आणि खोडलं. हेच वाक्य तिच्या घाटाच्या किंवा बैलगाडीच्या चित्राखालीही चाललं असतं. कुठल्याही वाक्याची हीच परीक्षा घ्या: शेजारच्या चित्राला ते लागू पडत असेल, तर ते अजून तुमच्या चित्राबद्दल झालेलं नाही.

शिवाय ते खरंही नव्हतं. मला शांत वाटलंच नव्हतं, हुरहूर लागली होती. 'शांत', 'प्रसन्न', 'नॉस्टॅल्जिक' हे शब्द हाताशी असतात म्हणून आधी येतात. ते बाजूला ठेवून अंगाला काय झालं ते आठवा: श्वास रोखला गेला, घसा दाटला, की मागे वळून बघावंसं वाटलं? मला दाराकडे बघत राहावंसं वाटत होतं, जणू कोणीतरी आत्ताच बाहेर गेलंय आणि परत येईल की नाही ठाऊक नाही.

आता ती भावना चित्रातल्या जागेला जोडा. नुसतं "हुरहूर लागली" म्हटलं तर ती आपली गोष्ट झाली. कुठे बघून लागली हे सांगितलं की ती तिच्या कामाची होते. पट्ट्याजवळ गेल्यावर दिसलं, की तिथे रंगच नव्हता, कोरा कागद होता. पारदर्शक जलरंगात उजेड असाच राखावा लागतो. भोवतीचा काळोख भरताना ती जागा सोडायची असते, कारण एकदा रंग बसला की कागदाचा मूळ पांढरेपणा सहसा पुरता परत मिळत नाही. हे ठाऊक नसलं तरी अडत नाही. "जमिनीवरचा तो पांढरा तुकडा" एवढं पुरतं. न कळणारे तांत्रिक शब्द मात्र वापरू नका, चुकीचा शब्द तिला लगेच खटकतो.

शेवटी पाठवलं ते असं:

"चौदा नंबरचं 'माजघर' डोळ्यांपुढून जात नाहीये. उंबऱ्यावरून आत आलेला तो उजेड तू कोरा सोडलायस ना, तिथेच मी अडकले. आमच्या आजोळचं घर बंद केलं त्या दुपारी, मामाने कुलूप लावायच्या आधी, असाच पट्टा पडला होता. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटलं आणि हुरहूर लागली."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. आठवणही एकाच वाक्याची आहे. ती लांबली की चित्र मागे पडतं आणि आजोळच पुढे येतं. "तुला यात एकटेपणा दाखवायचाय ना?" असं विचारू नका, तिच्या मनातलं ओळखण्याची ही जागा नव्हे. दुसऱ्या चित्रकाराशी तुलनाही टाळा. भावना अस्वस्थ करणारी असली तरी ती गोड करून सांगू नका.

प्रत्यक्ष जाता आलं नसेल, तर "फोटोत पाहिलं" असं आधीच सांगा. मोबाइलच्या फोटोत काळोखातल्या छटा बऱ्याचदा एकसारख्या काळ्या होतात आणि काचेवर दिव्यांचे ठिपके येतात. अशा वेळी रंगाबद्दल न बोलता उजेड कुठून येतोय, दार किती उघडं आहे, याबद्दल लिहा.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "तो पट्टा दोनदा बुजला गं. हा तिसरा कागद आहे."