मूटची तयारी: हरकत राखून गाठींवर बोला

समुद्रपूरकडच्या जिनिंगवाल्याने व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतली आणि कापसाच्या गाठी दुसऱ्यालाच विकायला काढल्या, अशी केस धरा. जिनिंगवाल्याच्या बाजूने असाल तर लवाद कायद्याच्या कलम १६ ची, म्हणजे लवादाला अधिकारक्षेत्रच नाही ही हरकत बचावाचं निवेदन दाखल करताना किंवा त्याआधीच घ्या. अंतरिम अर्जाच्या उत्तरातही ‘अधिकारक्षेत्राची हरकत राखून’ हे पहिल्याच ओळीत हवं.

व्यापाऱ्याच्या बाजूने असाल तर कलम १७ खाली गाठी जशाच्या तशा ठेवण्याचा अंतरिम आदेश मागा. ‘आधी अधिकार ठरवा’ असं मूटचे न्यायाधीश अडवणारच. तेव्हा प्रथमदर्शनी लवाद करार दाखवा. गाठी गेल्या तर निवाडा कागदावरच राहील, हे गोदामाच्या पावतीवरून पटवा. नुसतं ‘भाव पडतोय’ म्हणून भागत नाही. ते नुकसान पैशांत भरून निघतं.